संशोधनाच्या मर्यादा कशा लिहाव्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सार्वजनिक आरोग्य, समाजकार्य आणि गृहविज्ञान या विषयांत पाहणीवर आधारित प्रबंध लिहिणारे विद्यार्थी ‘मर्यादा’ या भागाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. सर्व उत्तरांसाठी एकच उदाहरण घेतले आहे. ते समजावण्यासाठी रचलेले आहे आणि त्यातील आकडे कोणत्याही प्रत्यक्ष अभ्यासाचे नाहीत.

उदाहरणातील अभ्यास कोणता आहे?

बीड जिल्ह्यातील दोन प्राथमिक आरोग्य केंद्रांत नोव्हेंबर ते जानेवारी या तीन महिन्यांत तपासणीसाठी आलेल्या ३०० गरोदर महिलांना अभ्यासात सहभागी होण्याची विनंती केली गेली आणि त्यांपैकी २४० जणी सहभागी झाल्या. प्रत्येकीला लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या नियमित घेतल्या जातात का, हे आधी विचारले आणि त्यानंतर बोटातून रक्ताचा थेंब घेऊन हिमोग्लोबिन मोजले. ११ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय, असे धरले. २४० पैकी १५० महिलांना, म्हणजे ६२.५ टक्के महिलांना, रक्तक्षय आढळला. गोळ्या नियमित घेतो असे सांगणाऱ्या १४० जणींमध्ये हे प्रमाण ५५ टक्के (७७ महिला) होते, तर अनियमित घेतो असे सांगणाऱ्या १०० जणींमध्ये ते ७३ टक्के होते. अभ्यासाचे मुख्य निष्कर्ष त्यामुळे दोन ठरतात. पहिला रक्तक्षयाच्या प्रमाणाविषयीचा आणि दुसरा दोन गटांतील १८ टक्क्यांच्या फरकाविषयीचा. पुढे प्रत्येक मर्यादेची चर्चा करताना हे दोन्ही निष्कर्ष वेगवेगळे डोळ्यांसमोर ठेवावे लागतील.

पहिल्या प्रकरणात ‘व्याप्ती आणि मर्यादा’ लिहिल्या आहेत. त्याच शेवटी पुन्हा लिहायच्या का?

नाही, कारण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘हा अभ्यास दोन प्राथमिक आरोग्य केंद्रांपुरता आहे’ किंवा ‘यात केवळ गरोदर महिलांचा समावेश आहे’ ही संशोधकाने स्वतः आखलेली कुंपणे आहेत आणि त्यांना व्याप्ती म्हणणेच योग्य. चर्चेच्या प्रकरणात येणारी मर्यादा म्हणजे अशी गोष्ट, जिच्यामुळे आखलेल्या कुंपणाच्या आतसुद्धा आपले उत्तर चुकलेले असू शकते. साठ महिला सहभागी झाल्या नाहीत ही मर्यादा आहे. पुरुषांचा अभ्यास केला नाही ही मर्यादा नव्हे, कारण तो प्रश्न कोणी विचारलेलाच नव्हता.

जाणीवपूर्वक केलेली निवडही याच न्यायाने मर्यादेत मोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये गरोदरपणाच्या दुसऱ्या तिमाहीसाठी हिमोग्लोबिनची सीमा १०.५ अशी सुधारली आहे, तर आपण सर्व महिलांसाठी ११ ही सीमा वापरली आहे. याबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यापेक्षा दोन्ही सीमांनुसार येणारे प्रमाण शेजारी-शेजारी द्यावे, म्हणजे वाचकाला हवे ते घेता येते.

‘वेळ व पैसा यांच्या अभावी नमुना लहान ठेवावा लागला’ हे वाक्य पुरेसे आहे का?

हे वाक्य इतक्या प्रबंधांत आढळते की वाचणाऱ्याचे डोळे त्यावरून सहज पुढे सरकतात. ते खोटे नसते. परंतु त्यातून संशोधकाची अडचण कळते, निष्कर्षावर झालेला परिणाम कळत नाही. वाचकाला नेमका तो परिणाम हवा असतो.

नमुन्याच्या आकाराचा परिणाम सांगण्यासाठी कॉन्फिडन्स इंटरव्हल हे साधन हाताशी असतेच. २४० महिलांमध्ये ६२.५ टक्के प्रमाण आढळले, तर त्याचा ९५ टक्के इंटरव्हल साधारण ५६ ते ६९ टक्के येतो. याचा अर्थ, यादृच्छिक चढउतार लक्षात घेतला तरी निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय आहे हे विधान टिकते आणि या निष्कर्षासाठी नमुना लहान नाही. दोन गटांतील १८ टक्क्यांच्या फरकाचा इंटरव्हल मात्र साधारण ६ ते ३० टक्के इतका रुंद आहे. त्यामुळे ‘फरक आहे’ असे म्हणता येते, परंतु तो किरकोळ आहे की फार मोठा, हे या नमुन्यावरून ठरत नाही. एकच नमुना एका निष्कर्षाला पुरतो आणि दुसऱ्याला अपुरा पडतो. हे असे लिहिले, तर ‘नमुना लहान होता’ या तीन शब्दांतून अभ्यासावर जो सरसकट संशय निर्माण होतो, तो टळतो.

मर्यादेची ‘दिशा’ सांगा असे परीक्षक म्हणतात. म्हणजे काय?

निरीक्षणात्मक अभ्यासांच्या लेखनासाठी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्ट्रोब’ या मार्गदर्शक यादीत २२ मुद्दे आहेत. त्यांतील एकोणिसावा मुद्दा मर्यादांचा आहे आणि त्यात संभाव्य बायसची दिशा व आकार या दोन्हींची चर्चा करण्यास सांगितले आहे. दिशा म्हणजे, या दोषामुळे आपला आकडा खऱ्यापेक्षा वर गेला असेल की खाली आला असेल, हे कारणासह सांगणे. माझ्या अनुभवात संपूर्ण मर्यादा-विभागातील सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचे काम हेच आहे, म्हणून उदाहरण सविस्तर पाहू.

गोळ्या नियमित घेता का, या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणे सोपे नसते. विचारणारी व्यक्ती आरोग्य केंद्राची वाटते, आशाताई शेजारी उभ्या असतात, आणि गोळ्या घरी डब्यात तशाच पडून आहेत हे सांगायला संकोच वाटतो. म्हणून काही महिला अनियमित असूनही ‘नियमित घेते’ असे सांगतील. आता पायरीपायरीने विचार करावा. या महिला चुकीच्या गटात, म्हणजे नियमित गटात, जाऊन बसल्या. त्यांच्यातील रक्तक्षयाचे प्रमाण अनियमित गटासारखेच जास्त असणार. त्यामुळे नियमित गटाचा आकडा खऱ्यापेक्षा वर गेला आणि दोन गटांतील फरक कमी झाला. म्हणजेच या दोषाने आपला १८ टक्क्यांचा फरक फुगलेला नसून आक्रसलेला असण्याची शक्यता आहे.

हा तर्क एका अटीवर उभा आहे आणि ती अट लिहिणे आवश्यक आहे. उत्तर देताना महिलेला आपले त्या दिवशीचे हिमोग्लोबिन माहीत नसावे. आधी रक्त तपासून ‘तुमचे रक्त कमी आहे’ असे सांगितले असते, तर काही जणी ओशाळून ‘गोळ्या घेते’ म्हणाल्या असत्या आणि काही जणींनी आठवून आठवून चुकलेल्या गोळ्या मोजल्या असत्या. तसे झाले असते तर दिशा ठरवता आली नसती. या अभ्यासात प्रश्न आधी आणि तपासणी नंतर असा क्रम होता. हा क्रम पद्धतीच्या प्रकरणात नोंदवलेला असेल, तर मर्यादा सांगताना त्याचा उल्लेख करण्याचा पूर्ण अधिकार संशोधकाला आहे. तरीही आधीच्या भेटीतील हिमोग्लोबिन माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिलेले असते आणि काही महिलांना ते माहीत असते, एवढी कबुली सोबत द्यावी.

दिशा कळली, पण आकार कसा सांगायचा? त्यासाठी वेगळी संख्याशास्त्रीय पद्धत लागते का?

प्रगत पद्धती आहेत, परंतु पदव्युत्तर प्रबंधासाठी बहुतेक वेळा कागद-पेन्सिलीचा हिशेब पुरतो. समजा, ‘नियमित’ म्हणणाऱ्या १४० पैकी पाचवा हिस्सा, म्हणजे २८ महिला, प्रत्यक्षात अनियमित होत्या. त्यांच्यात ७३ टक्के रक्तक्षय धरला, तर सुमारे २० जणी रक्तक्षय असलेल्या निघतात. उरलेल्या ११२ खऱ्या नियमित महिलांमध्ये ७७ वजा २०, म्हणजे ५७ जणींना रक्तक्षय राहतो आणि हे प्रमाण सुमारे ५१ टक्के येते. खरा फरक मग १८ ऐवजी २२ टक्क्यांच्या आसपास असेल. ‘पाचवा हिस्सा’ हा अंदाज आहे, मोजलेला आकडा नव्हे, हे त्याच वाक्यात स्पष्ट लिहावे.

सहभागी न झालेल्या ६० महिलांसाठी आणखी सोपी युक्ती आहे. त्यांच्यापैकी एकीलाही रक्तक्षय नव्हता असे मानले तर ३०० पैकी १५०, म्हणजे ५० टक्के प्रमाण येते. सगळ्यांना होता असे मानले तर ३०० पैकी २१०, म्हणजे ७० टक्के. खरे उत्तर या दोन टोकांच्या बाहेर जाऊच शकत नाही. टोके सांगून झाल्यावर संभाव्य काय ते सांगावे. आपल्या नोंदवहीत, या महिला दुपारची एसटी चुकू नये म्हणून लवकर निघाल्या असे लिहिलेले असेल, तर त्या लांबच्या वस्त्यांवरील असण्याची शक्यता जास्त आणि त्यांच्यात गोळ्यांचा नियमितपणाही कमी असू शकतो. त्यांच्यात अनियमित गटाएवढा, म्हणजे ७३ टक्के, रक्तक्षय धरला तर एकूण प्रमाण ६५ टक्क्यांच्या जवळ जाते. म्हणजे ६० जणींची अनुपस्थिती ही दिसायला मोठी त्रुटी असली, तरी तिने मुख्य आकडा फारसा हलत नाही. हे केवळ शब्दांनी सांगितले असते तर सारवासारव वाटली असती. हिशेब दाखवल्यावर वाचक तो स्वतः तपासू शकतो.

नकाराचे किंवा निघून जाण्याचे कारण त्याच दिवशी लिहून ठेवले नसेल, तर हा दुसरा भाग लिहिता येत नाही. अजून माहिती गोळा करत असणाऱ्यांनी वहीत त्यासाठी एक रकाना आजच आखावा.

आकडा मांडताच येत नाही अशी मर्यादा असेल तर?

तशी एक या अभ्यासात आहे आणि माझ्या मते ती सर्वांत गंभीर आहे. बीडमधून ऊसतोडीसाठी जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नोव्हेंबर ते जानेवारीत माहिती गोळा केली, म्हणजे ऊसतोड करणाऱ्या गरोदर महिला ३०० च्या यादीतसुद्धा नव्हत्या. त्या नाकारणाऱ्यांत मोजल्या गेल्या नाहीत आणि सहभागींतही नाहीत. त्यामुळे वर केलेला टोकांचा हिशेब त्यांना लागू होत नाही.

अशा वेळी आकडा ओढूनताणून आणू नये. निष्कर्षाचे क्षेत्र आखून द्यावे: हे प्रमाण हंगामात गावातच राहिलेल्या आणि तपासणीला आलेल्या महिलांचे आहे, स्थलांतरित महिलांविषयी या अभ्यासाला काहीही म्हणता येत नाही. कष्टाचे काम आणि तुटलेली आरोग्यसेवा पाहता त्यांच्यातील प्रमाण अधिक असू शकते, इतपत दिशा सुचवावी आणि तेथे थांबावे. ही मर्यादा शीर्षकातही उमटली पाहिजे. ‘बीड जिल्ह्यातील गरोदर महिलांमधील रक्तक्षय’ असे शीर्षक ठेवून बाराव्या पानावर स्थलांतराची कबुली देणे पुरेसे प्रामाणिक नाही.

मोजण्याच्या साधनातील दोष कसा लिहावा?

बोटातून घेतलेल्या रक्ताविषयी हा प्रश्न हमखास येतो. थेंब नीट येत नाही म्हणून बोट दाबले, तर रक्तात ऊतींमधील द्रव मिसळतो आणि हिमोग्लोबिन प्रत्यक्षाहून कमी दिसू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) बोटातूनच रक्त घेतले होते, तर २०१६–१८ च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात मुलांचे आणि किशोरवयीनांचे शिरेतील रक्त वापरले होते. या दोन पद्धतींच्या आकड्यांची तुलना कशी करावी, यावर आपल्याकडे बराच वाद झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२४ ची शिफारस शिरेतील रक्त आणि स्वयंचलित यंत्र यांच्या बाजूने आहे. त्यामुळे परीक्षक हा मुद्दा काढणारच.

येथे दोन निष्कर्ष वेगळे ठेवण्याचा फायदा दिसतो. दाबलेल्या बोटाचा दोष ६२.५ टक्के या प्रमाणाला थेट भिडतो, कारण ११ च्या अगदी वरच्या महिला चुकून रक्तक्षयात मोजल्या गेलेल्या असू शकतात. दोन गटांच्या तुलनेत मात्र दोन्ही गटांचे रक्त त्याच यंत्रावर, त्याच प्रकारे आणि गटाची माहिती नसलेल्या तंत्रज्ञाने तपासले असेल, तर चूक दोन्हीकडे सारखी वाटली जाते आणि तिने फरक निर्माण होण्यापेक्षा तो पुसट होण्याचीच शक्यता अधिक. हा युक्तिवाद ‘गटाची माहिती नसलेल्या’ या शब्दांवर टेकलेला आहे. प्रश्न विचारणाऱ्यानेच रक्तही घेतले असेल, तर ते सांगून युक्तिवाद तेवढा सौम्य करावा.

‘हा छेदात्मक अभ्यास असल्याने कार्यकारणभाव सांगता येत नाही’ हे लिहिले की झाले ना?

हे वाक्य लिहून पुढच्याच पानावर ‘गोळ्या नियमित घेतल्याने रक्तक्षय कमी होतो’ असा निष्कर्ष काढलेला मी अनेक प्रबंधांत पाहिला आहे. मर्यादा लिहिली, पण पाळली नाही, असे ते होते. या अभ्यासात कार्यकारणभाव नेमका कोठे अडतो हे सांगावे. ज्या महिलेला उलट्यांचा त्रास आहे ती गोळ्याही टाळते आणि तिचे जेवणही कमी असते. म्हणजे फरकाचा काही भाग आहारामुळे असू शकतो आणि १८ टक्के हा आकडा त्या अंशी फुगलेला असू शकतो. उलट, रक्तक्षय आधीच आढळलेल्या महिलेला दिवसाला एकाऐवजी दोन गोळ्या दिल्या जातात आणि आशाताई तिच्याकडे अधिक लक्ष देतात. ती ‘नियमित’ गटात येते आणि फरक घटवते. दोन दोष विरुद्ध दिशांना ओढत असतील, तर ते एकमेकांना रद्द करतात असे गृहीत धरू नये. दोन्ही लिहावेत आणि निव्वळ परिणाम सांगता येत नाही, असे म्हणावे. मग निष्कर्षात आणि सारांशात ‘संबंध आढळला’ हीच भाषा शेवटपर्यंत ठेवावी.

प्रत्येक मर्यादेनंतर ‘तरीही हा अभ्यास महत्त्वाचा आहे’ असे लिहावे का?

लिहू नये. त्या वाक्यात माहिती नसते आणि तीन-चार वेळा आल्यावर ते केविलवाणे वाटू लागते. अभ्यासाचे मोल राखण्याचा मार्ग म्हणजे त्या मर्यादेनंतर नेमके काय उभे राहते, ते सांगणे. ‘यामुळे प्रमाण थोडे जास्त नोंदले गेले असेल, परंतु गटांमधील फरक यातून निर्माण झालेला नसावा’ हे वाक्य बचाव करत नाही, तरी अभ्यासाची बाजू नेमकी मांडते.

किती मर्यादा लिहाव्यात आणि कोठे?

ज्या मर्यादा मुख्य निष्कर्षांपैकी एखाद्याला हलवू शकतात तेवढ्याच. बहुधा तीन ते पाच. पंधरा मर्यादांची यादी दिली की त्यातील गंभीर मर्यादा क्षुल्लक मर्यादांच्या गर्दीत हरवते. सर्वांत गंभीर मर्यादा आधी यावी. स्ट्रोबच्या यादीतील क्रम मुख्य निष्कर्ष, मर्यादा, अर्थ आणि शेवटी निष्कर्षाची व्यापकता असा आहे. तो स्वीकारण्यासारखा आहे, कारण अर्थ लावण्याआधीच वाचकाच्या हाती मर्यादा येतात.

मार्गदर्शक म्हणतात, इतके लिहिलेत तर परीक्षक प्रबंध परत पाठवतील. काय करावे?

ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही, परंतु परीक्षकाच्या खुर्चीत बसल्यावर चित्र वेगळे दिसते. स्थलांतराचा मुद्दा वाचताना माझ्या मनात आलेला असतो. तो प्रबंधात सापडला तर माझा प्रश्न तेथेच संपतो. सापडला नाही तर आणखी काय सुटले असेल, याचा शोध सुरू होतो. मार्गदर्शकांना वरील हिशेबासह मसुदा दाखवावा. त्यांचा आक्षेप बहुधा मर्यादेला नसून दोषाच्या नुसत्या कबुलीला असतो.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवली पाहिजे. माहिती भरताना वीस महिलांची नोंद दोनदा झाली असेल, किंवा यंत्राची पडताळणी करायची राहून गेली असेल आणि नियंत्रण-द्रावणावर ते आजही तपासता येत असेल, तर ती मर्यादा नव्हे. ती दुरुस्त करता येणारी चूक आहे आणि ती दुरुस्त करूनच प्रबंध सादर करावा.

पूर्ण लिहिलेला नमुना परिच्छेद मिळेल का?

‘या अभ्यासाची सर्वांत महत्त्वाची मर्यादा म्हणजे माहिती ऊसतोडीच्या हंगामात गोळा केल्यामुळे स्थलांतरित महिला त्यात आलेल्या नाहीत; येथे दिलेले प्रमाण गावात राहिलेल्या व तपासणीला आलेल्या महिलांचेच मानावे. विनंती केलेल्या ३०० पैकी ६० महिला सहभागी झाल्या नाहीत. त्यांच्याबाबत टोकाची गृहीतके धरल्यास रक्तक्षयाचे प्रमाण ५० ते ७० टक्के येते. त्या बहुतांशी लांबच्या वस्त्यांवरील असल्याने प्रत्यक्ष प्रमाण नोंदलेल्या ६२.५ टक्क्यांहून थोडे अधिक असू शकते. याउलट, बोटातील रक्त वापरल्याने हे प्रमाण काहीसे जास्त नोंदले गेले असेल. तपासणी करणाऱ्यास महिलेचा गट माहीत नसल्याने गटांमधील फरक त्यातून निर्माण झाला असण्याची शक्यता कमी आहे. गोळ्यांविषयीची माहिती महिलांनी स्वतः सांगितलेली आहे; काही अनियमित महिलांनी नियमित असल्याचे सांगितले असल्यास प्रत्यक्ष फरक नोंदलेल्या १८ टक्क्यांहून अधिक असेल. आहाराची नोंद घेतलेली नसल्याने या फरकाचा किती भाग गोळ्यांमुळे आहे, हे या अभ्यासातून सांगता येत नाही.’

तोंडी परीक्षेत यादीत नसलेली मर्यादा कोणी दाखवली तर?

थोडे थांबून, ती दोनपैकी कोणत्या निष्कर्षाला लागू होते हे आधी ठरवावे, मग आकडा वर जाईल की खाली याचा विचार मोठ्याने करावा. ‘रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या महिला वेगळ्या केल्या नाहीत’ असा आक्षेप आला आणि नोंदींत तशा चारच महिला असतील, तर त्या चौघींना वगळून प्रमाण किती बदलते हे तिथल्या तिथे काढून दाखवता येते. नोंदच नसेल, तर नाही असे सांगावे आणि अंतिम प्रत सादर करण्यापूर्वी तो मुद्दा मर्यादांत समाविष्ट करण्याची परवानगी मागावी.